तीन मीटर, सहा आकडे

एका घरमालकाकडे तीन भाडेकरू आहेत. पुढच्या, मधल्या आणि मागच्या अशा प्रत्येक खोलीला वेगळा सब-मीटर आहे. महिन्याच्या सुरुवातीला तीन फोटो आणि अखेरीला तीन, असे सहा फोटो तो एकाच संदेशात एआय मॉडेलला पाठवतो आणि विचारतो, ‘कोणी किती युनिट वापरले?’

पुढच्या खोलीचं रीडिंग 4182 वरून 4246 वर गेलंय, म्हणजे वापर 64 युनिट. मधल्या खोलीचं 4197 वरून 4288, म्हणजे 91. आता मॉडेलने या दोन खोल्यांच्या अखेरच्या फोटोंची अदलाबदल केली, तर उत्तर येतं 106 आणि 49. बेरीज मात्र दोन्ही वेळा 155 च! त्यामुळे चूक लक्षातच येत नाही आणि दहा रुपये युनिटच्या दराने पुढच्या खोलीवर 420 रुपये जास्त लागतात.

असं का होतं? मॉडेल प्रत्येक फोटोचे लहान लहान चौकोन पाडतं, त्यांचं आकड्यांत रूपांतर करतं आणि संदेशातल्या शब्दांसोबत एकाच रांगेत मांडतं. फाइलचं नाव बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत पोचत नाही. सहाही फोटोंत तीच काळी पेटी आणि तसेच आकडे असले, की ‘मधल्या खोलीचा दुसरा फोटो’ नेमका कोणता, हे ओळखायला फक्त क्रम उरतो. फोन गॅलरीतून फोटो निवडताना हा क्रमही बदलू शकतो.

प्रत्येक फोटोच्या लगेच आधी ‘चित्र 1’, ‘चित्र 2’ असं लिहिलं, की त्या फोटोला शब्दांची खूण मिळते आणि पुढच्या प्रश्नात तीच वापरता येते. प्रोग्राममधून फोटो पाठवणाऱ्यांना हे सहज जमतं. चॅट अ‍ॅपमध्ये मात्र बरेचदा सगळे फोटो एकत्र वर जातात आणि मजकूर खाली राहतो. तिथे फोनमधल्या पेनाने फोटोच्या कोपऱ्यातच मोठा आकडा काढावा आणि खाली यादी द्यावी:

```
चित्र 1: पुढची खोली, सुरुवात
चित्र 2: पुढची खोली, अखेर
चित्र 3: मधली खोली, सुरुवात
```

याच पद्धतीने सहापर्यंत. नंतर आणखी फोटो पाठवायचा झाला, तर तो चित्र 7. पुन्हा 1 पासून सुरुवात केली, की एकाच संभाषणात दोन ‘चित्र 1’ होतात.

वजाबाकी लगेच मागू नये. आधी ‘प्रत्येक चित्राचा क्रमांक, खोली आणि रीडिंग लिही’ असं सांगावं आणि आलेला तक्ता फोटोंशी ताडून पाहावा. अदलाबदल झाली असेल तर ती इथेच सापडते.

क्रमांकामुळे फोटोंची सरमिसळ कमी होते, पण अस्पष्ट आकडा वाचता येत नाही. मोठे फोटो मॉडेलपर्यंत पोचताना अनेकदा लहान केले जातात. त्यामुळे आकड्यांची खिडकी फोटोभर येईल इतक्या जवळून फोटो घ्यावा. काही मीटरांवर शेवटचा लाल आकडा दशांश दाखवतो. तो युनिटमध्ये धरायचा नाही, हे यादीखाली एका ओळीत लिहावं.