डिपॉझिटचा शेवटचा हिशेब

भंडाऱ्यात परीक्षा आटोपल्या की भाड्याच्या खोल्या रिकाम्या होऊ लागतात. लाखांदूर, पवनी, साकोलीकडून शिकायला आलेली मुले गाद्या गुंडाळून गावी जातात आणि मालकाला नवे बिऱ्हाड मिळते ते बहुधा नव्या सत्रातच. महिन्याच्या नोटिशीचा आग्रह त्यातूनच येतो. तो निव्वळ अडवणूक नव्हे.

ओळखीतल्या एका मुलीचा हिशेब मला जुळवून द्यावा लागला. ती मालकीणबाईंच्याच घरात राहत होती. भाडे २,००० रुपये, डिपॉझिट ४,०००. १२ मे रोजी ती म्हणाली, "काकू, मी महिनाअखेर जाते. मे महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापून घ्या." काकूंनी कापले ते असे : मेचे भाडे २,०००, नोटिशीचे ११ जूनपर्यंतचे अकरा दिवस ७३३, कूलरची वीज ४८०, रंगरंगोटी ८००. बेरीज ४,०१३. म्हणजे मुलीकडेच तेरा रुपये निघाले!

भाडे आणि वीज यांत वाद नव्हता. वेगळ्या मीटरवर साठ युनिटे आणि ठरलेला दर आठ रुपये. मेमध्ये कूलर रात्रभर चालतो, तेव्हा आकडा फुगवलेला नव्हता. खोली सोडताना रीडिंग दोघांनी मिळून लिहिले होते, हे बरे झाले.

रंग मात्र पटेना. भिंत राहण्याने मळते. मोडतोड केली तर भरून द्यावी. वर्षभराच्या वापराची झीज भाड्यातच आली. काकूंनी तो आकडा खोडला.

राहिले अकरा दिवस. ५ जूनला त्याच खोलीत दुसरी मुलगी आली होती. एका खोलीचे दोघींकडून भाडे कसे घ्यायचे? १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच देते, मनाला येईल तो दंड नव्हे. खोली चार दिवस रिकामी होती, म्हणून २६७ रुपये. मुलीला १,२५३ रुपये परत मिळाले.

मालकाच्याच घरात राहणारा पेइंग गेस्ट १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या 'लायसेन्सी'च्या व्याख्येत बसत नाही. म्हणून सुरुवातीच्या कागदावर काय लिहिले आहे, यावरच बहुतेक सारे ठरते. नोटीसही तोंडी न देता तारीख घालून द्यावी आणि प्रतीवर सही घ्यावी.

शेवटचे भाडे डिपॉझिटमधून फेडण्याची पद्धत मला पसंत नाही. ती रक्कम वीज आणि नुकसानीसाठी तारण असते. तीच भाड्यात गेली की मालकाच्या हाती थोडेच उरते आणि तो भिंतीवरचे खिळे मोजू लागतो. शेवटचे भाडे वेळेवर द्यावे, पावती घ्यावी आणि किल्ली देतानाच डिपॉझिट मागावे.