अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरचा वास का येतो?

दमट हवेत राहिलेल्या जुन्या अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, पॅरासिटामॉलला येत नाही. अ‍ॅसिटिल गट दोन्हींत आहे. अ‍ॅस्पिरिनमध्ये तो ऑक्सिजनला जोडलेला आहे, म्हणून ते एस्टर. पॅरासिटामॉलमध्ये नायट्रोजनला, म्हणून ते अमाइड.

या गटात दुहेरी बंधातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढतो आणि कार्बन किंचित धनभारित होतो. पाण्याचा रेणू आपली इलेक्ट्रॉनजोडी घेऊन त्या कार्बनला भिडतो. दुहेरी बंध क्षणभर उघडतो, पुन्हा जुळतो आणि जुना जोडीदार बाहेर पडतो. अ‍ॅस्पिरिनमधून अशा रीतीने सॅलिसिलिक आम्ल सुटते, उरते ते अ‍ॅसेटिक आम्ल, आणि वास त्याचाच.

अमाइडमधला नायट्रोजन मात्र आपली जोडी कार्बनकडे सढळपणे झुकवतो. धनभार निवतो, शिवाय नायट्रोजन सहज सुटतही नाही. एस्टरमधला ऑक्सिजन इतका उदार नाही. अ‍ॅनहायड्राइडमध्ये मधल्या ऑक्सिजनची जोडी दोन कार्बनांत वाटली जाते. क्लोरीन तर फारसे देतच नाही आणि चटकन निघून जातो, त्यामुळे अ‍ॅसिटिल क्लोराइड दमट हवेतही धुमसते.

पॅरासिटामॉल बनवताना पॅरा-अमिनोफिनॉलवर बऱ्याचदा अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड वापरतात: ते पुरेसे तत्पर आहे आणि क्लोराइडपेक्षा हाताळायला सोपे. त्या रेणूतला नायट्रोजन ऑक्सिजनच्या आधी हल्ला करतो, म्हणून अमाइडच हाती लागते.