चकाकणारं तांबं कॅमेऱ्याला फसवतं

इलेक्ट्रिक पॅनलमधली तांब्याची बसबार ९० अंशांवर तापलेली असते आणि थर्मल कॅमेरा मात्र जेमतेम ३३ दाखवतो. दोष कोणाचा?

आधी कॅमेरा तपासावा. त्यासाठी ब्लॅकबॉडी, म्हणजे ठरावीक तापमानाला स्थिर ठेवलेला काळा पृष्ठभाग, वापरतात. कॅमेरा सुरू करून पंधरा-वीस मिनिटं स्थिरावू द्यावा, ब्लॅकबॉडीवर लिहिलेली उत्सर्जकता कॅमेऱ्यात भरावी आणि मग वाचन घ्यावं. ब्लॅकबॉडी १०० अंशांवर असताना ९८ ते १०२ दिसलं, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या दृष्टीने ते ठीक.

कॅमेरा बरोबर निघाला, तर घोटाळा तांब्याचा. घासलेलं तांबं स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं. त्याची उत्सर्जकता साधारण ०.०५. उरलेलं सगळं आजूबाजूचं प्रतिबिंब. कॅमेऱ्यात ०.९५ भरलेलं असेल, तर तो मुख्यतः खोलीचंच तापमान सांगतो.

मग ०.०५ भरून भागेल? नाही. खोली ३० अंशांवर असताना चुकून ०.०७ भरलं, तरी ९० ऐवजी सुमारे ७५ दिसतं.

खात्रीचा उपाय म्हणजे पॅनल बंद करून, वीज नसल्याचं तपासून, बसबारवर काळी इन्सुलेशन टेप घट्ट चिकटवणं. नेहमीचा भार सुरू झाला, तापमान स्थिरावलं, की ०.९५ ठेवून फक्त टेपवर नेम धरावा. उघड्या चकचकीत धातूवरचा आकडा अहवालात लिहूच नये.