बाटलीवरची ताकद दिसते का?

पॅरासिटामॉल सिरपच्या पत्रकाचा फोटो येतो: ‘दर किलोमागे १५ मिग्रॅ, ४ ते ६ तासांनी, २४ तासांत कमाल ४ मात्रा, गरजेनुसार.’ सोपं करून लिहायचं: ‘१० किलोच्या बाळाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. पुढचा डोस किमान ४ तासांनी. दिवसरात्र मिळून चारदाच.’

पण चमच्यात किती मिली? ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असेल तर ३ मिली. १२० असेल तर सव्वासहा. फोटोत ही ताकद दिसत नसेल तर मिलीचा आकडा लिहूच नये. तिथे ठळक खूण करावी: ‘बाटली दाखवून केमिस्टला विचारा.’ फोटो पुसट असला की २.५ चं २५ वाचलं जातं. तिथेही अंदाज नको. ‘गरजेनुसार’ मला सर्वांत धोक्याचं वाटतं. ‘ताप किंवा दुखणं असेल तरच’ असं लिहावं, आणि सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकतं, हेही.