बिनपाडव्याचे वर्ष

२०२३-२४ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा आलाच नाही. पंचांग चुकले नव्हते. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता, म्हणजे तो आधीच्या आर्थिक वर्षात जमा झाला आणि २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला, म्हणजे पुढच्या वर्षात. त्या पुढच्या, २०२४-२५ या वर्षात मात्र दोन पाडवे आले: पहिला ९ एप्रिल २०२४ ला आणि दुसरा वर्ष संपायला एक दिवस उरला असताना, ३० मार्च २०२५ ला. कोरेगावसारख्या तालुक्याच्या गावात दुचाकी, टीव्ही, फ्रिज किंवा सोने विकणाऱ्या दुकानाला या तारखांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, कारण मुहूर्ताची खरेदी त्याच्या डोळ्यांसमोर होते. तरीही मार्चअखेर त्याच दुकानाचा विक्रीचा तक्ता निघतो, तेव्हा त्यात पाडव्याचे नावही नसते. आर्थिक वर्ष आणि तिमाही यांनुसार विक्री मांडणे सरकारसाठी आवश्यक आहे, पण धंदा वाढला की घटला हे त्या मांडणीवरून ठरवायचे असेल तर आधी पाडवा वेगळा काढायला हवा.

हिशेब करून पाहू. कोरेगावातले एक दुचाकीचे दुकान कल्पू. दर तिमाहीत त्याच्या १२० गाड्या जातात आणि पाडव्यामुळे ३० जास्त. (दसरा-दिवाळी सोयीसाठी बाजूला ठेवू.) धंदा वर्षानुवर्षे अगदी आहे तसाच आहे असे धरले, तर २०२३-२४ ची विक्री ४८० गाड्या, २०२४-२५ ची ५४० आणि २०२५-२६ ची ५१०, कारण त्या वर्षात १९ मार्च २०२६ चा एकच पाडवा येतो. कागदावर आधी साडेबारा टक्के वाढ आणि मग साडेपाच टक्क्यांची घट. तिमाही पाहिली तर चित्र आणखी भडक होते. एप्रिल ते जून या पहिल्या तिमाहीत २०२३ ला १२०, २०२४ ला १५० आणि २०२५ ला पुन्हा १२० गाड्या. म्हणजे पंचवीस टक्के वाढ आणि लगेच वीस टक्के घट. गिऱ्हाईक तेवढेच, विक्रेते तेच. ज्या व्यवस्थापकाला २०२४ साली शाबासकी मिळाली असेल, त्यालाच २०२५ साली जाब विचारला जाईल आणि दोन्ही वेळा त्याचा संबंध नसेल.

अर्थात पाडवा वेगळा काढण्याआधी तारीख योग्य तिमाहीत पडली पाहिजे आणि इथेच बरेच तक्ते घसरतात. आर्थिक वर्ष जानेवारीपेक्षा तीन महिने उशिरा सुरू होते, म्हणून तारीख तीन महिने मागे नेऊन मग वर्ष आणि तिमाही काढायची, ही सरळ युक्ती. एक्सेलमध्ये बिलाची तारीख `A2` मध्ये असेल तर पहिले सूत्र आर्थिक वर्ष देते आणि दुसरे तिमाही:

```
=YEAR(EDATE(A2,-3))&"-"&RIGHT(YEAR(EDATE(A2,-3))+1,2)
=INT((MONTH(EDATE(A2,-3))-1)/3)+1
```

तीन महिने म्हणजे नव्वद दिवस असे समजून `A2-90` लिहिले की गफलत होते. ३० जूनमधून ९० दिवस वजा केले तर १ एप्रिल येतो, आणि पहिल्या तिमाहीच्या शेवटच्या दिवसाची विक्री गुपचूप दुसऱ्या तिमाहीत जाते. याहून वाईट चूक तारखेच्या वाचनाची. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर 09/04/2024 हा पाडवा तो ४ सप्टेंबर समजतो आणि जुलै-सप्टेंबरच्या रकान्यात टाकतो. कुठलीही तक्रार करत नाही. 30/03/2025 मात्र त्याला तारीखच वाटत नाही, कारण तिसावा महिना नसतो, आणि सूत्राच्या जागी `#VALUE!` दिसते. ही दुसरी चूक परवडली, कारण ती दिसते तरी. पहिली पकडायची तर तिमाहीची बेरीज त्याच काळातल्या जीएसटी विवरणपत्रांशी जुळवून पाहावी. तिथेच आणखी एक गोष्ट उघड होते: मार्चमध्ये घेतलेली बुकिंगची रक्कम कुणी विक्री म्हणून मांडली असेल तर ती. गाडी पाडव्याला दिली आणि बिल ९ एप्रिलचे असेल, तर विक्री एप्रिलची.

तारखा चोख झाल्या की पाडव्याकडे वळावे. बिलांच्या यादीत आणखी एक रकाना घालावा आणि पाडव्याच्या आधीचे व नंतरचे काही दिवस मिळून जो काळ ठरेल, त्यातल्या बिलांवर ‘पाडवा’ अशी खूण करावी. हा काळ दरवर्षी तेवढ्याच दिवसांचा हवा. एका वर्षी दहा आणि दुसऱ्या वर्षी वीस दिवस धरले तर सगळेच फुकट. फक्त पाडव्याच्या दिवसाची विक्री वेगळी काढणे पुरेसे नाही. पुष्कळ लोक पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात खरेदी थांबवून मुहूर्ताची वाट पाहतात, आणि त्या दिवशीच्या तीस गाड्यांपैकी काही गाड्या मुहूर्त नसता तर महिनाभरात गेल्याच असत्या. रुंद काळ घेतला की आधीचा खड्डा आणि नंतरची उंची एकत्र येतात. मग पाडव्याची तुलना मागच्या पाडव्याशी, कुठल्याही तिमाहीत का येईना, आणि उरलेल्या दिवसांची तुलना उरलेल्या दिवसांशी, दर दिवसाच्या सरासरीने.

यावर एक आक्षेप असा की मग जानेवारी ते डिसेंबर हेच वर्ष धरावे. पाडवा मार्च-एप्रिलमध्येच फिरतो, त्यामुळे जानेवारीच्या वर्षात तो नेमका एकदाच येईल. हे खरे आहे, आणि १९८० च्या दशकात एल. के. झा समितीने सरकारचे वर्ष जानेवारीपासून करावे अशी शिफारसही केली होती. पण तिमाहीचा घोळ त्याने मिटत नाही. मार्च आणि एप्रिलमध्ये तिथेही रेघ आहेच. शिवाय १९८९ पासून प्राप्तिकरासाठी सगळ्यांना एप्रिल-मार्च हेच वर्ष बंधनकारक आहे. त्याआधी व्यापारी आपापले हिशेबाचे वर्ष निवडू शकत आणि अनेकांचे वर्ष दिवाळीत सुरू होई. तिथीने मोजलेल्या त्या वर्षात प्रत्येक सण बरोबर एकदा येत असे. मात्र अधिक महिना आला की वर्षच तेरा महिन्यांचे होई, त्यामुळे जुनी पद्धत निर्दोष होती असे म्हणणेही भाबडेपणाचे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अशी फेरमांडणी म्हणजे आकडे हवे तसे वळवणे नव्हे का? वह्यांत आणि विवरणपत्रांत फेरफार केला तर नक्कीच. तिथे बिलाची तारीख हीच अंतिम. जीएसटीत तिमाही विवरणपत्र भरण्याची सवलत आदल्या आर्थिक वर्षातली उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर मिळते, आणि त्या पाच कोटींत दोन पाडवे मोजले गेले म्हणून अधिकारी सूट देणार नाही. वेगळी मांडणी फक्त दुकानाच्या स्वतःच्या निर्णयासाठी, आणि ती मूळ आकड्यांच्या शेजारी छापावी, त्यांच्या जागी नव्हे.

असाच प्रश्न शेतमालाच्या व्यापाऱ्यालाही पडतो, फक्त तिथे रेघ ३० सप्टेंबरची असते. कोरेगाव तालुक्याच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरलेला हा घेवडा साधारण तीन महिन्यांनी निघतो, म्हणजे पेरणी पंधरा दिवस लांबली की मालाची आवक दुसऱ्या तिमाहीतून तिसऱ्यात सरकते. त्याच्यासाठी दोन तिमाह्या एकत्र धरून पूर्ण हंगामाची तुलना करणे हाच साधा उपाय आहे.

पाडव्याचा फेरा २०२५-२६ वर थांबत नाही. १९ मार्च २०२६ नंतरचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला आहे, म्हणजे २०२६-२७ हे पुन्हा बिनपाडव्याचे वर्ष. त्या वर्षासाठी कंपनीने वाढीव उद्दिष्ट पुढे केले तर दुकानदाराने सही करण्याआधी या दोन तारखा तिच्यासमोर ठेवाव्यात.