क्लायंटच्या घरी दुःख, आणि रिटर्नची तारीख तोंडावर

पुण्यातलं एक सीएचं ऑफिस आहे असं समजू. महिन्याची नऊ तारीख. सकाळी निरोप येतो की भोसरीत वर्कशॉप असलेल्या एका जुन्या क्लायंटच्या आई रात्री गेल्या. वर्कशॉप त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे आणि जीएसटीचं रिटर्न दर महिन्याला भरायचं असतं. अकरा तारखेला विक्रीच्या बिलांचं GSTR-1 आणि वीस तारखेला कर भरण्याचं GSTR-3B. बँकेच्या वाढीव कर्जासाठी त्यांच्या सह्यांचे कागद अडकलेले आहेत आणि सीएंचं स्वतःचं बिलही थकलेलं आहे. अशा वेळी त्यांना सांत्वनाचा मेल लिहायचा आहे.

असे मेल लिहिताना बहुतेक जण दुःख व्यक्त करणाऱ्या वाक्यांवर अडतात. माझ्या मते खरी कसोटी कामाबद्दलच्या वाक्याची असते. ‘कामाची काळजी करू नका’ असं लिहिणं सोपं आहे, पण ते खरं ठरायचं असेल तर मेल पाठवण्याआधी ऑफिसात काही गोष्टी झालेल्या असाव्या लागतात. म्हणून सुरुवात मेलपासून न करता कामांच्या यादीपासून करावी.

त्या यादीत दोन प्रकारची कामं निघतात. बँकेचे कागद आणि आपलं बिल ही आपल्या हातातली कामं आहेत. ती थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला आपणच फोन करून सांगायचं की क्लायंटच्या घरी निधन झालं आहे, कागद महिनाअखेरीस येतील. रिटर्नच्या तारखा मात्र आपल्या हातात नाहीत, आणि तिथे घाबरून न जाता उशिराची किंमत मोजून पाहावी. 3B ला विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये आणि रोखीने भरायच्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज. आपल्या क्लायंटला या महिन्यात 1,20,000 रुपये रोख भरायचे आहेत असं धरलं, तर दहा दिवसांच्या उशिराचं शुल्क 500 रुपये आणि व्याज सुमारे 592 रुपये होतं. म्हणजे अकराशेच्या आसपास. एवढ्यासाठी आई गेलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी फोन करायचा नसतो. GSTR-1 चं गणित वेगळं आहे. ते अकरा तारखेच्या पुढे गेलं, तर या वर्कशॉपकडून माल घेणाऱ्या कारखान्यांना त्या बिलांवरचं क्रेडिट त्या महिन्यात दिसत नाही, आणि मग तेच कारखाने आपल्या क्लायंटला फोन करू लागतात. त्यामुळे जपायची तारीख कुठली असेल तर ती अकराची.

ती जपता येते. विक्रीची बिलं वर्कशॉपच्या अकाउंटंटकडे असतातच. अडतो तो ओटीपी, कारण तो क्लायंटच्याच मोबाईलवर जातो. पण अशा दिवसांत घरातलं कुणीतरी फोन सांभाळत असतं. भाचा, मेहुणा, थोरला मुलगा, ज्याने आपल्याला निरोप दिला बहुधा तोच. त्याला एकदा फोन करावा. आधी विचारपूस, मग सांगावं की अकरा तारखेला दुपारी एक ओटीपी लागेल, साहेबांच्या कानावर घालून ठेवा, बाकी आम्ही पाहतो. वीस तारखेच्या भरण्यासाठी पैसे साहेबांच्या खात्यातून जाणार, तेव्हा त्यांचा होकार लागेलच, पण तोही भाच्यामार्फत, सतरा-अठरा तारखेला, आणि नाही मिळाला तर उशीर सोसायचा. हे बोलणं फोनवरच व्हावं. सांत्वनाच्या मेलमध्ये ओटीपी, रक्कम, तारीख यांतलं काहीही नको.

यानंतर एक काम अगदी हमखास राहून जातं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीची आठवण देणारे मेल आपोआप जाण्यासाठी लावलेले असतात. सकाळी आपण लिहितो की आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत आणि दुपारी आपल्याच ऑफिसच्या नावाने ‘आपलं बिल 32 दिवस थकीत आहे’ असा मेल जातो. ज्याच्या घरात तो उघडला जातो तिथे सकाळचा मेल खोटा ठरतो. म्हणून त्या क्लायंटपुरती ही सोय आधी बंद करायची. ऑफिसातल्या आर्टिकल मुलांनाही सांगायचं की त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, बँक स्टेटमेंट पाठवा ना’ असं कुणी विचारायचं नाही. हे झालं की मग मेल लिहायला बसावं.

मेल नव्याने सुरू करावा. जुन्या बिलाच्या किंवा कर्जाच्या मेललाच उत्तर म्हणून लिहिला, तर वर तोच विषय आणि खाली तीच थकबाकी दिसत राहते. कॉपीत कुणालाही ठेवू नये. सहीखाली ऑफिसची जाहिरात किंवा सणाच्या शुभेच्छांची पट्टी आपोआप येत असेल, तर ती काढावी. मेल ऑफिसच्या नावाने न जाता त्यांच्याशी बोलण्यातल्या माणसाच्या नावाने जावा.

मजकूर साधारण असा होईल.

विषय: आईंच्या निधनाबद्दल

आदरणीय साहेब,

आई गेल्याचं आज सकाळी तुमच्या भाच्यांकडून कळलं. फार वाईट वाटलं.

माझी आणि त्यांची प्रत्यक्ष भेट झाली नाही. पण मंगळवारी त्यांना दवाखान्यात न्यायचं असतं म्हणून तुम्ही आपली प्रत्येक मीटिंग बुधवारी ठेवलीत, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं तुमच्या घरातलं स्थान आम्हाला त्यातूनच कळत होतं.

कामाची काळजी सध्या करू नका. या महिन्याच्या रिटर्नबद्दल भाच्यांशी बोललो आहे, ते आम्ही पाहतो. बँकेचे कागद आणि आमचं बिल पुढच्या महिन्यापर्यंत थांबवलं आहे. बँकेतही तसं कळवलं आहे.

या मेलला उत्तर देण्याची गरज नाही. आम्ही सगळे तुमच्या आणि घरच्यांच्या दुःखात सहभागी आहोत.

आपला,

आणि खाली नाव. एवढंच. यापेक्षा लांब मेल त्या दिवशी वाचला जात नाही.

यातलं मंगळवारचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण ते दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. गेलेल्या माणसाला आपण ओळखत नसलो, तरी क्लायंटच्या बोलण्यातून त्यांच्याबद्दल काहीतरी कानावर आलेलं असतं. तेवढंच आणि तसंच लिहावं. ‘त्या फार प्रेमळ होत्या’ असं न भेटताच लिहिलं, तर घरच्यांना ते लगेच कळतं. काहीच ठाऊक नसेल, तर तो परिच्छेद सरळ गाळावा. तेवढ्याने मेल कोरडा होत नाही. कसं झालं, किती वय होतं हे विचारू नये. ‘वय झालंच होतं’, ‘सुटल्या बिचाऱ्या’ ही वाक्यं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी येतात, व्यवहारातल्या माणसाने ती लिहू नयेत. आपल्या घरचं दुःख सांगायची जागाही ही नाही.

कामाच्या परिच्छेदात सगळी वाक्यं झालेल्या गोष्टींची आहेत: बोललो आहे, थांबवलं आहे, कळवलं आहे. ‘कुठली कामं थांबवू ते कळवा’ किंवा ‘सवड मिळाली की सांगा’ असं लिहिलं, तर ठरवायचं काम पुन्हा त्यांच्याच डोक्यावर जातं. ‘काही लागलं तर हक्काने सांगा’ हे वाक्यही मनापासून लिहिलेलं असलं, तरी त्याने काहीच हलत नाही. बँकेला केलेला फोन कामाला येतो. आणि जे थांबवणं परवडणार नाही, ते थांबवलं असं लिहू नये. छोट्या ऑफिसचे पगार त्या बिलावर अवलंबून असतील, तर बिलाचा उल्लेखच करू नये, पंधरा दिवस मागू नये, आणि पुढे मोकळेपणाने बोलावं.

शब्द निवडताना घर कुणाचं आहे हे पाहावं लागतं. ‘मृतात्म्यास शांती लाभो’ हे आपल्याकडे सवयीने लिहिलं जातं, पण बौद्ध विचार आत्मा मानत नाही, त्यामुळे बौद्ध घरात ते खटकतं. तिथे ‘भावपूर्ण आदरांजली’ म्हणतात. दुसऱ्या धर्माची प्रार्थना नीट माहीत नसताना कुठून तरी उतरवून घेण्यापेक्षा, वरच्या मेलसारखी साधी वाक्यं कुठल्याही घरात चालतात.

पुन्हा काम कधी सुरू करायचं, हा पुढचा प्रश्न. बऱ्याच हिंदू घरांत तेरावा होईपर्यंत माणूस व्यवहारात नसतो. आपल्या उदाहरणात तेराव्याचा दिवस एकवीस-बावीस तारखेच्या आसपास येतो. पण सगळी घरं ते पाळत नाहीत. कुणी चौथ्या दिवशी वर्कशॉपवर येतं, कारण घरात बसवत नाही. तेव्हा दिवस मोजत न बसता भाच्याला विचारावं, किंवा क्लायंटचा स्वतःचा फोन येईपर्यंत थांबावं. ते आधीच कामाचं बोलू लागले, तर आपणही कामाचंच बोलावं. त्यांना पुन्हा पुन्हा दुःखाकडे वळवू नये. पहिला मेल आपण करणार असू, तर त्यात एकच काम असावं, तेही त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर द्यावं लागेल असं. उदाहरणार्थ, ‘बँकेचे कागद तयार आहेत. सोमवारी मुलाला सह्यांसाठी पाठवू का?’ तुंबलेल्या सगळ्या कामांची यादी त्या दिवशी नको. ती पुढच्या भेटीत समोर बसून काढता येते.

शेवटी ऑफिसच्या नोंदीत एक ओळ लिहून ठेवावी: आईंचं निधन, महिना, वर्ष. दिवाळीच्या शुभेच्छा शेकडो क्लायंटना एकाच वेळी जातात आणि त्यात हेही नाव असतं. निधन झालेल्या वर्षी अनेक घरांत सण करत नाहीत, फराळही करत नाहीत. तेव्हा त्या वर्षी शुभेच्छांच्या यादीतून त्यांचं नाव काढावं. पण ज्यांच्या घरी फराळ होत नाही त्यांना तो बाहेरून देण्याची रीत आहे. घरोबा असेल तर चिवडा आणि लाडवाचा डबा, शुभेच्छांचं कार्ड न लावता, कुणाच्या तरी हातून पोचवावा.