२ जूनची १ जून होते तेव्हा

सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात राज्य सरकारची अनेक कार्यालयं आहेत. तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याची जन्मतारीख २ जून १९७० आहे असं समजा. बहुतेक राज्य कर्मचारी ज्या महिन्यात वयाची ५८ वर्षं पूर्ण करतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. म्हणजे हा माणूस ३० जून २०२८ रोजी. मात्र जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल, तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या अखेरीस येते. संगणकात २ जूनची १ जून झाली, तर तो ३१ मेलाच घरी बसेल. एक दिवस सरकला आणि महिन्याभराचा पगार गेला.

तारीख अशी सरकते कशी? जावास्क्रिप्टमधल्या या दोन ओळी नवी मुंबईतल्या संगणकावर चालवून पाहाव्यात:

```js
const d = new Date(1970, 5, 2);
d.toISOString(); // "1970-06-01T18:30:00.000Z"
```

महिने शून्यापासून मोजले जातात, म्हणून ५ म्हणजे जून. पहिल्या ओळीने नुसत्या तारखेला मध्यरात्रीची वेळ चिकटवली. दुसरीने ती जागतिक प्रमाणवेळेत बदलली. आपण साडेपाच तास पुढे असल्यामुळे तिथे अजून १ जूनची संध्याकाळ आहे. पुढे कोणी वेळेचा भाग कापून पहिली दहा अक्षरं साठवली, की चूक कायमची झाली. चाचणीचा सर्व्हर जागतिक वेळेवर चालत असेल, तर तिथे हे दिसतच नाही.

महाराष्ट्रात शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावलेले लोक भरपूर आहेत. त्यांची तारीख ३१ मे झाली तरी निवृत्तीचा दिवस ३१ मेच राहतो, त्यामुळे तक्रार येत नाही आणि दोष वर्षानुवर्षं लपून राहतो.

उलटी गडबडही होते. "2026-05-01" ही महाराष्ट्र दिनाची सुट्टी `new Date` ला दिली, तर ती जागतिक मध्यरात्र मानली जाते. बेलापुरात ती १ मेची पहाट साडेपाच, म्हणून सगळं ठीक वाटतं. न्यू जर्सीतल्या सहकाऱ्याला मात्र सुट्टी ३० एप्रिलला दिसते.

अकरा वाजताची बैठक हा एक क्षण आहे. तो प्रत्येक देशाच्या घड्याळात वेगळा दिसायलाच हवा. पत्रिकेसाठी लागणारी जन्मवेळही तशीच. पण जन्मतारीख आणि सुट्टी यांना घड्याळच नसतं. त्या डेटाबेसमध्ये `date` प्रकारात, जावामध्ये `LocalDate` म्हणून ठेवाव्यात आणि वाटेत कुठेही त्यांना वेळ जोडू नये. 'आज कोणाचा वाढदिवस?' हे शोधताना 'आज' कुठल्या गावचं एवढंच ठरवावं.

जुन्या नोंदींत जन्मतारखेपुढे 18:30 दिसलं, तर कारण ओळखता येतं आणि साडेपाच तास मिळवून तारीख परत आणता येते. वेळेचा भाग आधीच कापला गेला असेल, तर बिघडलेली नोंद आणि बरोबर नोंद सारखीच दिसते. तेव्हा सरसकट एक दिवस वाढवला, तर बरोबर तारखाही चुकतील. अशा वेळी प्रत्येक नोंद सेवापुस्तकाशी ताडून पाहावी लागते.